बाटली एकच, फ्रेम आठ: स्टोरीबोर्डची प्रश्नोत्तरे

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्म्याहून जास्त एकाच दुखण्यावरचे होते, स्टोरीबोर्डच्या प्रत्येक फ्रेममध्ये प्रॉडक्ट सारखं दिसत नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच उदाहरण घेतो. कोकम आगळाची 500 मिलीची काचेची बाटली, 24 सेंटीमीटर उंच, 7 सेंटीमीटर व्यास, सोनेरी झाकण, समोर कागदी लेबल. व्हिडिओ 15 सेकंदांचा, उभा, आठ फ्रेमचा. ओट्यावर बाटली, हातात उचललेली, झाकणाचा क्लोजअप, ओतताना, वरून ग्लास, चमच्यानं ढवळताना, टेबलावर सगळे पिताना, आणि शेवटी नुसती बाटली.

"मी चित्रं बऱ्यापैकी काढते पण प्रत्येक फ्रेममध्ये बाटली जरा वेगळीच होते, कधी मान लांब कधी लेबल मोठं. सराव कमी पडतोय का?"

नाही, सरावाचा काही संबंध नाही. वीस वर्षं काढणाऱ्यालाही आठ वेळा तीच बाटली मोकळ्या हातानं तंतोतंत काढता येत नाही. मी एकदा बारा फ्रेम हातानं रंगवून दिल्या होत्या, मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न आला की ही दोन साईजमध्ये येणार आहे का, आणि पुढचा अर्धा तास गोष्टीबद्दल कोणी बोललंच नाही. तेव्हापासून माझा नियम झालाय की माणसं, हात, ओटा, खिडकी सगळं काढायचं, पण प्रॉडक्ट काढायचं नाही, ते ठेवायचं. म्हणजे खऱ्या बाटलीचे फोटो एकदाच नीट काढून, कापून, तेच सगळीकडे वापरायचे.

आता आठ फ्रेम म्हणजे आठ फोटो असं नसतं. वरची यादी बघा, ओट्यावरची, टेबलावरची आणि शेवटची बाटली तिन्ही डोळ्याच्या रेषेत आणि समोरून आहेत, म्हणजे एकच अँगल. हातातली जरा वळलेली, तो दुसरा. ढवळताना आणि वरून ग्लास दाखवताना मागे दिसणारी बाटली एकाच उंचीवरून बघितलेली ठेवली तर तो तिसरा. ओतताना तिरकी, चौथा. झाकणाच्या क्लोजअपला पहिलाच फोटो चालतो, फक्त तो मोठ्या रिझोल्यूशनचा हवा. चार अँगलमध्ये काम झालं. फ्रेमचं कच्चं स्केच झालं की आधी हे अँगल मोजा, आणि सहासात निघाले तर फोटो वाढवण्याआधी कॅमेऱ्याच्या जागाच कमी करता येतात का बघा, 15 सेकंदांत बघणाऱ्याला तेवढे अँगल लागतही नाहीत.

"फोटो मोबाईलवर काढून कापतो, पण फ्रेममध्ये टाकल्यावर बाटली चिकटवल्यासारखी दिसते. कटिंग तर एकदम स्वच्छ आहे मग काय चुकतंय?"

बहुतेक वेळा झाकण चुकतं. झाकणाचा वरचा गोल बघा. कॅमेरा झाकणाच्याच उंचीवर असेल तर तो गोल नुसती रेघ दिसतो. कॅमेरा वर गेला, 10 अंशांनी खाली बघायला लागला, तर 3 सेंटीमीटर रुंद झाकणाचा गोल साधारण अर्धा सेंटीमीटर उंच दिसतो, आणि 30 अंशांवर तोच दीड सेंटीमीटर. तुम्ही ओटा वरून बघितल्यासारखा काढलाय आणि त्यावर बाटली टाकलीय झाकणाची रेघ दिसणारी, तर डोळा ते लगेच पकडतो, का ते सांगता येत नाही पण चिकटवलंय हे कळतं. शेजारच्या ग्लासचा, वाटीचा, बशीचा गोल बघा आणि बाटलीचा बघा, जवळजवळ शेजारी आणि सारख्या उंचीवर असलेले गोल सारखेच चपटे पाहिजेत.

दुसरं म्हणजे अंतर. मोबाईल बाटलीला चिकटून धरला की कॅमेऱ्याजवळचा भाग फुगतो, लांबचा बारीक होतो, वरून घेतला तर झाकण मोठं आणि बूड निमुळतं. दीडदोन मीटर मागे जा, 2x लावा, सगळे अँगल त्याच अंतरावरून घ्या. क्लोजअपसाठीसुद्धा पुढे जाऊ नका, नंतर क्रॉप करा.

आणि उजेड. काचेवर जी उभी पांढरी पट्टी चमकते ती बाटलीचा भाग नाही, ती खिडकीची आहे. फ्रेममध्ये खिडकी उजवीकडे काढली असेल आणि पट्टी डावीकडे चमकत असेल तर काही केल्या ती बाटली त्या खोलीत बसणार नाही. इथे बरेच जण फोटो आडवा उलटवतात, मग लेबलवरची अक्षरंही उलटी होतात आणि छोट्या फ्रेममध्ये ते कोणाच्या लक्षातही येत नाही, थेट प्रिंट हातात आल्यावर दिसतं. त्यापेक्षा प्रत्येक अँगल दोनदा काढा, एकदा उजेड डावीकडून, एकदा उजवीकडून. चार अँगलचे आठ फोटो, अर्ध्या तासाचं काम आहे. मग आकार, लेबल, झाकण आणि आगळाचा रंग हेच सारखं राहिलं पाहिजे, चमक आणि सावली फ्रेमप्रमाणे बदलायलाच हवी. त्या रंगासाठी मोबाईलचं व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून टाका, नाहीतर एका फोटोत आगळ लालबुंद आणि दुसऱ्यात काळं येतं.

"बाटली थोडी वळलेली दाखवायची आहे. समोरच्या फोटोवरचं लेबल बाजूला सरकवलं तरी खोटं वाटतं."

कारण गोल अंगावर लेबल नुसतं सरकत नाही, सरकताना दबतं. आपल्या बाटलीची त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर. ती 30 अंश वळली की लेबलची मधली रेघ मध्यापासून पावणेदोन सेंटीमीटर सरकते, म्हणजे कडेपर्यंतचं अर्धं अंतर गेलं. 60 अंशांवर ती तीन सेंटीमीटरवर पोचते, म्हणजे नंतरच्या 30 अंशांत फक्त सव्वा सेंटीमीटर. आणि त्या रेघेजवळची अक्षरं 30 अंशांवर किंचितच अरुंद होतात पण 60 वर थेट निम्मी. तुम्ही लेबल सपाट सरकवलंत तर अक्षरांची रुंदी तीच राहते, तिथेच पितळ उघडं पडतं.

हिशोब करत बसायची गरज नाही, खरी बाटलीच वळवा. कागदावर गोल काढा, घड्याळासारख्या बारा खुणा करा, एक घर म्हणजे 30 अंश. बाटलीच्या बुडाला लेबलच्या मध्यावर मार्करनं एक ठिपका, आणि तो ठिपका खुणेवर आणून फोटो. बाटली दोन दिवसांनी परत शूट करावी लागली तरी तीच 30 अंशांची बाटली मिळते.

आख्खी गिरकी दाखवायची असेल तर मात्र फोटो पुरत नाहीत, तिथे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बाटली एकदा बनवा. गोल वस्तू ब्लेंडरमध्ये सोपी असते, अर्धी बाह्यरेषा काढायची आणि फिरवायची. प्रत्येक फ्रेमसाठी एक कॅमेरा ठेवा, टाईमलाईनवर मार्कर टाकून `Ctrl+B` नं तो कॅमेरा त्या मार्करला बांधा, आठही फ्रेम एका फाईलमधून निघतात. पण कापडी पिशवी, दोरी बांधलेली बरणी असं काही असेल तर ब्लेंडरच्या वाटेला जाऊ नका, फोटोच बरे.

"काचेची बाटली कापली की आतून जुनं बॅकग्राऊंडच दिसत राहतं."

ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या, एक पांढऱ्या कागदासमोर, एक काळ्या कापडासमोर. फोटोशॉपमध्ये फ्रेमच्या चित्रावर पांढरा फोटो `Multiply` ब्लेंड मोडमध्ये ठेवा, त्यातून काचेचा गडदपणा आणि आगळाचा रंग येतो. त्यावर काळा फोटो `Screen` मध्ये, त्यातून फक्त चमक येते. आता मागचा ओटा काचेतून दिसायला लागेल. अडचण एवढीच की `Multiply` मध्ये पांढरं लेबलही पारदर्शक होतं, म्हणून लेबल आणि झाकण वेगळं कापून सगळ्यात वर `Normal` मध्ये ठेवायचं. बुडाखाली हातानं एक बारीक गडद सावली काढा, जिथे काच ओट्याला टेकते तिथे सर्वात काळी, नाहीतर बाटली तरंगते.

ओतण्याच्या फ्रेमसाठी उभा फोटो तिरका करू नका हं. बाटली तिरकी होईल पण आतल्या आगळाची पातळीही तिरकी होईल, आणि पाणी कधी तिरकं उभं राहत नाही. खरी बाटली तिरकी धरून फोटो घ्या, हात मग चित्रात काढा.

"सात फ्रेम झाल्यावर क्लायंटनं लेबल बदललं. आता सगळं परत?"

या वेळी हो, पुढच्या वेळी नाही. लेबल वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचं आणि फोटोशॉपमध्ये प्रत्येक अँगलवर `Place Linked` नं आणून वाकवून बसवायचं. मूळ फाईल बदलली, सेव्ह केली की उघडे असलेले अँगल अपडेट होतात, बंद असलेले उघडून `Update All Modified Content` करा आणि सेव्ह करा. मग हे चार अँगलही फ्रेममध्ये तसेच लिंक करून आणा. त्याच फाईलमध्ये कॉपी हवी असेल तर साधी `Ctrl+J`, `New Smart Object via Copy` नको, त्यानं कॉपी वेगळी होते आणि मूळ बदललं तरी ती जुनीच राहते, नेमकी एकाच फ्रेममध्ये जुनं लेबल राहून जातं ते यामुळे. क्रिटा वापरणाऱ्यांना हेच `File Layer` नं करता येतं. एक अट आहे, नवं लेबल जुन्याच मापाचं पाहिजे. उंची बदलली तर वाकवणं नव्यानं करावं लागेल.

"ओतल्यानंतर बाटली थोडी रिकामी दाखवायची की तशीच?"

ओतल्यानंतर कमी. सरबताच्या एका ग्लासाला 30 मिली आगळ धरलं तर या बाटलीच्या रुंद भागात पातळी साधारण एक सेंटीमीटर खाली जाते, तेवढीच दाखवा. ओतल्यानंतरच्या फ्रेममध्ये झाकण कुठे आहे तेही ठरवून लिहा. शेवटच्या फ्रेमची बाटली मात्र भरलेली आणि बंद, ती गोष्टीतली बाटली नाही, दुकानात मिळणारी आहे.

"सगळं झाल्यावर तपासायचं कसं? मला स्वतःच्या चुका दिसतच नाहीत."

फ्रेम बघत बसलात तर दिसणार नाहीत, तुमचं लक्ष गोष्टीकडे जातं. प्रत्येक फ्रेममधून नुसती बाटली क्रॉप करा, सगळ्या सारख्या उंचीच्या करा आणि एका ओळीत शेजारी लावा. समोरून बघितलेल्यांची उंची भागिले रुंदी काढा, आपल्या बाटलीची 24 भागिले 7 म्हणजे 3.4 च्या आसपास. कुठे 3.8 आलं तर आडव्या फ्रेमची उभी करताना कोणीतरी बाटली ताणलीय. वरून बघितलेल्यांना हे माप लागू नाही, त्या आपसात जुळवा. मग लेबलवर एक बारीक खूण धरा, मी शाकाहारीची हिरवी खूण धरतो, आणि ती प्रत्येक बाटलीत त्याच बाजूला, त्याच उंचीवर आहे का बघत ओळीवरून नजर फिरवा. उलटवलेला फोटो, जुनं लेबल, जास्त वळलेली बाटली, तिन्ही चुका त्या एका खुणेवर सापडतात.