कच्चा लिंबू अंपायर झाला त्याची गोष्ट

"मुलगा 9 वर्षांचा आहे. खाली क्रिकेट खेळायला गेला की आउट दिलेलं त्याला चालतच नाही, भांडतो, रडतो, बॅट आपली म्हणून उचलून घरी येतो. मुलं त्याला चीटर म्हणतात, आता बोलवतही नाहीत. समजावून थकलो आम्ही. त्याचं खाली जाणंच बंद करावं का?"

ताई, बंद नका करू. माझ्याकडे ठाण्याहून एक मुलगा आलेला, साडेनऊ वर्षांचा, त्याचं सांगते (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). पहिल्या दिवशी मी त्याला भांडणाबद्दल काही विचारलंच नाही, कागदावर क्रीजची रेघ काढली, पेन्सिल बॅट म्हणून बरोबर रेघेवर टेकवली आणि विचारलं, स्टंपला बॉल लागला तेव्हा बॅट इथे होती, काय द्यायचं? तो लगेच म्हणाला, नॉट आउट, टेकलीये की! नियमाप्रमाणे हा आउट आहे. बॅट रेघेच्या आत टेकलेली पाहिजे, रेघेवर असली तर बॅट्समन बाहेरच. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की आपल्यावर अन्याय झाला. त्याची निम्मी भांडणं अशीच निघाली, डोक्यात नियमच वेगळा.

उरलेल्या निम्म्याचं कारण आईशी बोलताना कळलं. हा साडेपाच वर्षांचा असताना मोठ्या मुलांत खेळायला लागला, कच्चा लिंबू म्हणून. त्याला आउट द्यायचंच नाही असं ठरलेलं, घरी कॅरममध्ये बाबा मुद्दाम हरायचे. मग कधीतरी आठव्या वर्षी मुलांनी त्याला आउट द्यायला सुरुवात केली, पण "आता तू कच्चा लिंबू नाहीस" हे त्याला कोणी सांगितलंच नाही. त्याच्या बाजूने बघा, कालपर्यंत जे चालत होतं ते आज अचानक चालेना.

तर आम्ही ठरवलं की याला अंपायरिंग शिकवायचं, पण क्रिकेटपासून नाही सुरू करायचं आणि त्याच्या ग्रुपमध्ये तर नाहीच. पहिले दोन आठवडे लंगडी, त्याच्याहून लहान मुलांची, खडूने चार रेघा आखून. नियम तीनच: लंगडी घालणाऱ्याचा दुसरा पाय टेकला की तो बाद, पळणारा रेघेबाहेर गेला की बाद, हात लागला की बाद. खेळ सुरू व्हायच्या आधी हे तीन नियम त्याने मोठ्याने सांगायचे, मध्ये नवीन नियम आणायचा नाही, आणि दहा मिनिटांत थांबायचं. दहाच, कारण त्याच्यापुढे या वयाचं लक्ष उडतं आणि मग निर्णय चुकायला लागतात.

दुसऱ्याच दिवशी "लागला", "नाही लागला" झालं. जो जास्त जोरात ओरडला त्याच्या बाजूने याने निर्णय दिला. आईला मी सांगून ठेवलेलं की घरी आल्यावर लेक्चर द्यायचं नाही, एवढंच विचारायचं, "तुला दिसलं का?" तो म्हणाला, नाही, मी पायाकडे बघत होतो. तिथून पुढे गाडी रुळावर आली. दोन अंपायर केले, एक पायाकडे बघणारा, दुसरा हाताकडे आणि रेघेकडे. आणि "मला दिसलं नाही, म्हणून बाद नाही" हे वाक्य बोलायची त्याला परवानगी दिली. क्रिकेटमध्येही शंकेचा फायदा बॅट्समनलाच देतात, हे ऐकून त्याला केवढं हायसं वाटलं, त्याला वाटायचं अंपायरला सगळं दिसलंच पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात क्रिकेट. इथे सगळ्यात आधी शिकवायचं ते उभं कुठे राहायचं. बोलरच्या मागे उभं राहून समोरच्या क्रीजवरचा रन आउट कळत नाही, क्रीजच्या रेघेच्या सरळ रेषेत, बाजूला सात-आठ पावलांवर उभं राहिलं की बॅट आत होती का बाहेर ते दिसतं. त्यांचे स्टंप भिंतीवर खडूने काढलेले, त्यामुळे बॉल लागला का यावर रोज वाद. मग स्टंप जाड गिरवायचे, आणि अंपायरने बॉल हातात घेऊन त्यावर खडू लागलाय का बघायचं. दुसरी गोष्ट अपीलची. कोणी विचारल्याशिवाय आउट द्यायचा नाही, हा क्रिकेटचा खराखुरा नियम आहे, आणि त्यामुळे याला दोन सेकंद थांबायची सवय लागली.

गल्लीत बहुतेक वेळा बॅटिंग टीमचाच मुलगा अंपायर असतो, भांडणाचं मूळ बऱ्याचदा तिथेच. मी त्याला 1986 ची लाहोर टेस्ट सांगितली, पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडिज, आणि अंपायर दोघेही भारतातले, पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. यजमान देशाचे अंपायर नकोत म्हणून. त्याने स्वतःच तोडगा काढला, मुलं विषम असली की एक जण दोन्हीकडून खेळतो ना, कॉमन, तो बॅटिंग करत नसेल तेव्हा अंपायर तोच.

बिघडलंही बरंच. चौथ्या आठवड्यात साहेबी चढली, उलट बोलला म्हणून एकाला मॅचबाहेरच काढलं. असं होतंच, ज्याचं कधी कोणी ऐकलं नाही त्याच्या हातात पहिल्यांदा सत्ता येते. यावर ओरडून उपयोग नाही. आम्ही तीन ओव्हरची मर्यादा घातली, तीन ओव्हर तो अंपायर, मग त्याच मॅचमध्ये दुसऱ्याच्या अंपायरिंगखाली त्याची बॅटिंग. खरं औषध ही अदलाबदल आहे, नुसतं अंपायर करून ठेवलं तर मूल हुकूम सोडायला शिकतं. आणि एकदा बाबा बाल्कनीतून ओरडले, "अरे नॉट आउट होता तो!" दुसऱ्या दिवशी एकही मूल त्याचं ऐकेना. बाबांना खाली जाऊन मुलांसमोर सॉरी म्हणावं लागलं, ते म्हणाले हे महत्त्वाचं. चूक कळली तर अंपायरने पुढचा बॉल पडायच्या आत निर्णय बदलायचा, नंतर नाही, आणि तो त्यानेच बदलायचा.

तुमच्याकडे करताना दोन गोष्टी सांभाळा. "खेळता येत नाही ना, मग हो अंपायर" अशी शिक्षा म्हणून देऊ नका, त्याला ते हाकलल्यासारखं वाटेल. आणि मुलं त्याला मुद्दाम छळत असतील तर एकट्याला मध्ये उभं करू नका, आधी तो छळ थांबवायला हवा. राग फक्त खेळातच नाही, शाळेत, जेवताना, सगळीकडेच येत असेल तर मात्र हा उपाय पुरणार नाही, प्रत्यक्ष येऊन भेटा.

रडणं लगेच थांबेल अशी वाट बघू नका. हा मुलगा पाचव्या आठवड्यातही आउट झाल्यावर रडला होता. पण त्या दिवशी "चीटिंग" म्हणाला नाही, डोळे पुसत अंपायरला विचारलं, "तू कुठे उभा होतास?" त्याने जागा दाखवली, बरोबर होती, आणि याने बॅट पुढच्याला दिली. आईचा अधूनमधून फोन येतो. वाद अजून होतात म्हणे, बॉल वॉचमनच्या केबिनवर गेला तर दोन रन की आउट, पण ते आता मॅच सुरू व्हायच्या आधी होतात.