ऑर्थोडॉक्स चर्च ‘फुटून निघालं’ का?

प्रश्न : ‘ऑर्थोडॉक्स चर्च १०५४ मध्ये कॅथलिक चर्चमधून फुटून निघालं’ असं वाक्य वाचलं. हे बरोबर आहे का? आणि ऑर्थोडॉक्सला ‘सनातनी’ म्हणावं का?

‘फुटून निघालं’ हा शब्द मी टाळेन. त्यात मूळ घर कोणाचं याचा निकाल आधीच लागतो, आणि वाद नेमका तोच आहे. रोमच्या दृष्टीने पूर्वेकडच्यांनी पोपशी असलेलं ऐक्य मोडलं. पूर्वेकडच्या चर्चचं केंद्र असलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या दृष्टीने जुन्या वाटेवरून रोम बाजूला सरकला. ‘दोन्ही चर्च दुरावली’ हे लिहायला सोपं आणि इतिहासाला धरूनही आहे.

वादाचं एक कारण तर एकाच शब्दाचं होतं. चौथ्या शतकातल्या श्रद्धाघोषणेत पवित्र आत्मा ‘पित्यापासून निघतो’ असं होतं. पश्चिमेत त्यात ‘फिलिओक्वे’, म्हणजे ‘आणि पुत्रापासून’, ही लॅटिन भर पडली. पुत्राचं देवत्व पित्याहून कमी मानणाऱ्या एरियन मताला उत्तर म्हणून ती स्पेनमध्ये रुजली. रोमच्या उपासनेत ती १०१४ मध्ये आली. पूर्वेचे आक्षेप दोन होते. पिता हाच एकमेव उगम आहे हा एक. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : साऱ्या चर्चच्या परिषदेने ठरवलेला मजकूर एका बाजूने परस्पर कसा बदलायचा? पोपचा अधिकार कुठवर चालतो, हा प्रश्न त्याच्याच पोटात होता.

१६ जुलै १०५४ रोजी पोपचे दूत कार्डिनल हंबर्ट यांनी कॉन्स्टँटिनोपलमधल्या हागिया सोफिया चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. ग्रीकांनी श्रद्धाघोषणेतून ‘पुत्रापासून’ काढून टाकलं, असाही आरोप त्यात होता; प्रत्यक्षात तो शब्द मूळ मजकुरात नव्हताच. ज्यांनी दूत धाडले ते पोप नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. पत्रातला बहिष्कार तिथले पॅट्रिआर्क, म्हणजे धर्मप्रमुख, मायकेल केरुलारियस आणि त्यांच्या साथीदारांवर होता. त्यांच्या धर्मसभेनेही उलट दूतांनाच शापित ठरवलं, पोपना नाही. सामान्य भाविकांना तेव्हा काही तुटल्याची जाणीवही फारशी झाली नसावी. ती १२०४ मध्ये झाली, चौथ्या धर्मयुद्धातल्या लॅटिन सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी १०५४ चे बहिष्कार विस्मृतीत टाकल्याचं एकत्र जाहीर केलं, पण प्रभुभोजनातली सहभागिता अजून जुळलेली नाही.

आता ‘सनातनी’. ग्रीकमध्ये ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, योग्य. ‘डॉक्सा’ म्हणजे मत आणि गौरवही. स्लाव्ह भाषांनी दुसरा अर्थ उचलून ‘प्राव्होस्लाव्हिए’ केलं. मराठीत ‘सनातनी’ला कर्मठपणाचा वास येतो, म्हणून ‘ऑर्थोडॉक्स’च ठेवा. शिवाय रोमचं चर्चही स्वतःची श्रद्धा ऑर्थोडॉक्स मानतं, आणि ऑर्थोडॉक्स मंडळी श्रद्धाघोषणेत आपलं चर्च ‘कॅथलिक’, म्हणजे वैश्विक, म्हणतात.

एक सावधगिरी : केरळातलं मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च या वादातलं नव्हे. त्याची परंपरा ४५१ च्या खाल्सेडोन परिषदेला न मानणाऱ्या चर्चांची आहे.