सुकी गोदी की कोरडी गोदी?

"जहाज ड्राय डॉकला घेतलंय, असं बातमीत वाचलं. मराठीत सुकी गोदी म्हणायचं की कोरडी? आणि तिथे जहाजाचं नेमकं करतात तरी काय?"

मी सुकी गोदी म्हणेन. खोबरं ओलं आणि सुकं, मासळी ओली आणि सुकी, तशी गोदीही ओली आणि सुकी. मुंबईच्या इंदिरा गोदीत दरवाजे लावून पाणी धरून ठेवतात, म्हणजे ती ओली. तिला लागूनच असलेली ह्यूज ड्राय डॉक ही सुकी. 'कोरडी' म्हटलं तर चूक नाही, पण कोरड्या विहिरीत पाणी नसतंच. सुक्या वस्तूत आधी ओल होती आणि ती गेली, हे शब्दातच येतं. इथे तर सगळं काम त्या जाणाऱ्या पाण्याच्या मागोमाग चालतं. फक्त रूप सांभाळा: जहाज 'सुकी गोदीत' नव्हे, 'सुक्या गोदीत' जातं.

गोदीच्या तळावर आधीच ठोकळ्यांची रांग मांडलेली असते आणि त्यांच्या माथ्यावर मऊ लाकूड असतं. जहाज आत आलं की दरवाजा लावून पंप सुरू करतात. जहाज मुद्दाम मागच्या बाजूला किंचित दबलेलं ठेवतात, त्यामुळे आधी मागचं टोक ठोकळ्यावर टेकतं आणि मग हळूहळू पुढचं. मधला वेळ सर्वांत नाजूक असतो. थोडा भार ठोकळ्यावर आणि बाकीचा पाण्यावर, अशा अवस्थेत जहाजाचा तोल कमी होतो. टाक्या अर्धवट भरलेल्या असल्या तर आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि जहाज कलू शकतं. म्हणून टाक्या शक्यतो पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवतात.

पाणी उतरू लागलं की शेवाळ आणि शंखशिंपल्यांनी भरलेला तळ दिसतो. तो ओला असतानाच जोरदार फवाऱ्याने धुवायला घेतात, कारण एकदा सुकला की तो थर पत्र्याला घट्ट धरून बसतो.

मग पत्र्याची जाडी मोजतात. रंग खरवडलेल्या जागी थोडं जेल लावून यंत्राचं टोक टेकवलं की ध्वनिलहरी पलीकडच्या बाजूवर आदळून परत येतात आणि पडद्यावर आकडा उमटतो. पलीकडे जायची गरज पडत नाही. समजा पत्रा मुळात 16 मिमी होता आणि त्या जागी 20 टक्के झीज चालते. म्हणजे 3.2 मिमी गेले तरी चालेल, 12.8 मिमीच्या खाली मात्र नाही. यंत्राने 12.4 दाखवलं तर आजूबाजूला आणखी मोजून खराब भागाची हद्द ठरवतात, तेवढा तुकडा कापून काढतात आणि नवा वेल्ड करतात. वरून नुसता पत्रा चिकटवणं हा कायमचा उपाय मानत नाहीत. झिजेची मर्यादा जागेनुसार आणि जहाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार बदलते.

तळाला जस्ताच्या वड्या लावलेल्या असतात. पोलादाऐवजी स्वतः गंजणं हेच त्यांचं काम. म्हणून झिजलेली वडी पाहून मला बरं वाटतं आणि कोरी करकरीत वडी दिसली की शंका येते. बहुतेकदा तिच्यावर कुणीतरी रंग फासलेला असतो किंवा तिचा पत्र्याशी जोड सुटलेला असतो. अशा वडीच्या आसपासचा पत्रा नीट पाहावा.

सुकाणू, पंखा आणि त्याच्या दांड्याचं सील हेही याच वेळी तपासतात. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपा तर इथेच खोलून तपासता येतात. पाण्यात असताना बाहेरची झडप काढली तर समुद्र थेट इंजिनघरात येईल.

एक जागा मात्र सुक्या गोदीतही हाताला लागत नाही. जहाज ज्या ठोकळ्यांवर बसलेलं असतं, त्यांच्यावर टेकलेला तळाचा भाग ना धुता येतो ना रंगवता येतो. म्हणून ठोकळे कुठे होते याची नोंद ठेवतात आणि पुढच्या खेपेला ते सरकवून मांडतात. ती नोंद हरवली तर तोच पट्टा पुन्हा बिनरंगाचा राहू शकतो.

टाक्यांच्या तळाला पितळी बुचं असतात. ती काढून उरलंसुरलं पाणी सोडतात आणि काढलेलं प्रत्येक बूच मोजून जहाजाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या ताब्यात देतात. परत बसवताना तो स्वतः उभा राहतो. त्यानंतरच गोदीत पाणी सोडतात, पण एकदम भरत नाहीत. झडपा बुडतील एवढं पाणी आलं की थांबतात. जहाज अजून ठोकळ्यांवरच असतं. खाली इंजिनघरात माणसं बॅटरी घेऊन प्रत्येक झडपेचा जोड बघतात, बोट फिरवून ओल लागते का ते चाचपतात. ओल लागली की पाणी सोडणं बंद, आणि पंप पुन्हा सुरू.