वार्षिक प्लॅनच्या आधी लिंकांना टॅग लावा

"एकटीच तीन अकाउंट सांभाळते, बजेट जवळपास नाहीच. शेड्युलिंग आणि अ‍ॅनालिटिक्स एकत्र देणारं पेड टूल घेऊ का? वार्षिक प्लॅन स्वस्त पडतोय."

या प्रश्नात "वार्षिक" वाचलं आणि राहवलं नाही, कारण मी नेमका तिथेच फसलो होतो. नाव घेत नाही, पण वर्षभराचे पैसे एकदम भरले आणि टूलने दाखवलं काय, तर लाईक, रीच, फॉलोअर, म्हणजे जे अ‍ॅपच्या आत फुकट दिसतंच. मला हवं होतं कुठल्या पोस्टमुळे वेबसाईटवरचा चौकशीचा फॉर्म भरला जातो ते, आणि तिथे निम्म्याहून जास्त लोक "डायरेक्ट" आलेले दिसायचे. दोष टूलचा नव्हता, मी लिंकांना टॅगच लावले नव्हते. अ‍ॅपमधून आलेला माणूस कुठून आला हे बऱ्याचदा कळतच नाही, ते लिंकमध्येच लिहून द्यावं लागतं:

```
?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=june_batch
```

सगळं लहान अक्षरात लिहा. `Instagram` आणि `instagram` या गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये दोन वेगळ्या ओळी होतात आणि मग बेरीज हाताने करत बसावं लागतं. आणि हो, तिथे डेटा किती दिवस ठेवायचा ती सेटिंग मुळात 2 महिन्यांवर असते, ती आजच 14 करा, एकदा पुसलेलं परत येत नाही.

पुढचं अजून वाईट. प्लॅन आपोआप रिन्यू झाला, चार दिवसांनी लक्षात आलं, सपोर्टला तीन मेल केले, तिन्हींना तेच कॉपी-पेस्ट उत्तर. बंद केला तर जुने रिपोर्ट लॉक, एक्सपोर्ट फक्त वरच्या प्लॅनमध्ये. वर्षभराचे आकडे गेले ते गेलेच, अजून राग येतो. म्हणून आता दर महिन्याच्या 1 तारखेला आकडे स्वतःच्या शीटमध्ये उतरवतो.

पेड कधी घ्यायचं? दोन आठवडे घड्याळ लावून मोजा. माझं असं होतं: आठवड्याला 15 पोस्ट, प्रत्येकी 4 मिनिटं, म्हणजे एक तास. मेटा बिझनेस सूट आणि यूट्यूब स्टुडिओच्या फुकट शेड्युलिंगने एकदम बसून केलं तर 25 मिनिटं. पेड टूलने त्यातली अजून पाचेक वाचली असती, एवढ्यासाठी पैसे का द्यायचे? नंतर जोडीला एक जण आला, क्लायंटची मंजुरी चॅटवर, कुठला ड्राफ्ट फायनल ते शोधण्यात आठवड्याचे दोन तास जायला लागले, तेव्हा मंजुरीची सोय असलेलं टूल घेतलं, महिन्याच्या प्लॅनवर. महिन्याचे आठ तास वाचले आणि टूलचा खर्च माझ्या दोन तासांच्या कमाईएवढा, त्यामुळे परवडलं.

हा माझ्या कामाचा हिशोब आहे, रोज दहा व्हिडिओ टाकणाऱ्याचा वेगळा येईल. पण "पोस्ट करायची सर्वोत्तम वेळ" सांगणाऱ्या फीचरसाठी तरी पैसे देऊ नका, तुमचे फॉलोअर कधी ऑनलाईन असतात ते इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्येच असतं.