एनसन्सचं शीट आणि दहा तासांची खुर्ची : वाचकांचे प्रश्न

सर, वय ३१, वजन ७६ किलो, हिंजवडीत आयटीत आहे. रोज नऊ-दहा तास खुर्चीत जातात. अडीच वर्षं जिम नियमित आहे. स्क्वॉट ११०, बेंच ८०, डेडलिफ्ट १४०. मित्राने एनसन्सचं पाच दिवसांचं शीट पाठवलंय. सुरू करू का?

पाच दिवसांचं नको. चार दिवसांचं करा, तेही थोडं छाटून, आणि सहा आठवड्यांची मुदत घालून.

एनसन्स हे ५/३/१ या जुन्या पद्धतीचं नेटवर लोकप्रिय झालेलं रूप आहे. मूळ पद्धतीत वजन साधारण महिन्यातून एकदा वाढतं, बेंचला अडीच किलो आणि स्क्वॉटला पाच. एनसन्समध्ये ते दर आठवड्याला वाढू शकतं. तुमच्या बाबतीत सगळं घोडं या एका फरकावर अडणार आहे, म्हणून तुमचेच आकडे घेऊन बघू.

शीटमध्ये ११० भरलं की ते त्याचे ९० टक्के धरतं. त्याला ट्रेनिंग मॅक्स म्हणतात, सोयीसाठी १०० धरा. स्क्वॉटच्या दिवशी ७५ किलोच्या पाच रेप्स, ८५ च्या तीन, मग ९५ च्या ‘जमतील तेवढ्या, निदान एक’. त्यानंतर उतरंड लागते: ९०, ८५, ८० च्या तीन-तीन, मग ७५, ७०, ६५ च्या पाच-पाच. हे नऊ सेट झाले. लगेच सुमो डेडलिफ्टचे आठ. म्हणजे सतरा सेट, आणि पोट, पाठ, बायसेप्स अजून बाकीच.

आता ९५ किलोचा तो सेट. तुमच्याकडून पहिल्या आठवड्यात पाच रेप्स निघतील. वजनाला रेप्सचा तिसावा भाग जोडून अंदाज काढतात: ९५ × (१ + ५/३०) म्हणजे सुमारे १११ किलो. तुमच्या ११० शी हे जुळतं. चार-पाच रेप्स आल्या की शीट ट्रेनिंग मॅक्स अडीच ते पाच किलोंनी वाढवायला सांगतं. समजा पाच वाढवले. दुसऱ्या आठवड्यात तोच सेट १०० किलोचा होतो आणि तीन रेप्स निघतात. तिसऱ्यात साधारण १०२ वर दोन, चौथ्यात १०५ च्या आसपास एक किंवा दोन. आता प्रत्येक आठवड्याचा अंदाज काढा. दरवेळी ११० च्या आगेमागेच येतो! शीटवरचा आकडा महिनाभर चढला, पण पाय जिथे होते तिथेच आहेत. सुरुवातीला दहा टक्के राखून ठेवले होते, तेवढेच खर्च झाले. ‘चार आठवड्यांत दहा किलो वाढले’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट एवढीच असते.

म्हणून खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून सुरू होते. शीटच्या शेजारी एक रकाना करून हा अंदाज दर आठवड्याला लिहीत जा. सहा आठवड्यांनी तो ११५ च्या पुढे गेला असेल तर दर आठवड्याची वाढ अजून तुम्हाला झेपते आहे, चालू ठेवा. तो ११० वरच रेंगाळत असेल आणि जड सेटला सलग दोनदा एकच रेप निघाली, तर महिन्याला वाढणाऱ्या मूळ ५/३/१ वर या. अडीच वर्षं झाली म्हणजे माणूस इंटरमीजिएट झालाच, असं नसतं. तुमच्यात आठवड्याला सुधारणा होते की महिन्याला, यावर ते ठरतं.

खुर्चीचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. पहिला दमाचा. दिवसभरात जेमतेम दोन-तीन हजार पावलं चालणारा माणूस जड सेट नीट मारतो आणि उतरंडीत मार खातो. ओळख सोपी आहे: ९५ किलो छान उचलले, पण पुढे ७० च्या सेटनंतर अडीच मिनिटं थांबूनही धाप बसत नसेल, तर पाय नव्हे, दम कमी पडतोय. असं झालं की लोक वजन कमी करतात आणि शीटला दोष देतात. त्यापेक्षा सुरू करण्याआधी महिनाभर रोज अर्धा तास झपाझप चाला.

दुसरा प्रश्न कंबरेचा. पाच दिवसांच्या शीटमध्ये मंगळवारी स्क्वॉट आणि सुमो डेडलिफ्ट, गुरुवारी डेडलिफ्ट आणि फ्रंट स्क्वॉट येतात. तीन दिवसांत चौतीस सेट, आणि प्रत्येकात कंबर धरून ठेवायची. मधला बुधवार तुम्ही खुर्चीत घालवणार. चार दिवसांच्या शीटमध्ये पायांचं काम तेवढंच असतं, पण मंगळवार-शुक्रवार असं मांडलं तर मध्ये दोन दिवस मिळतात. शिवाय दुसऱ्या व्यायामाचे आठ सेट चारवर आणा आणि सुमोऐवजी लंजेस किंवा लेग प्रेस घ्या. मग सगळं सव्वा तासात आटपतं. नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून साडेआठला जिममध्ये पोचलेला माणूस दोन सेटमधली विश्रांती मिनिटावर आणतो, आणि मग वरचा सगळा हिशेब फसतो.

नमस्कार सर. ऑफिसमुळे पहाटे उठून साडेपाचलाच जिमला जावं लागतं. चार दिवसांचं शीट करतेय. डेडलिफ्टच्या दिवशी कंबर लाकडासारखी वाटते, पण संध्याकाळी केलं की काही त्रास नाही. प्रोग्रॅम बदलू का?

प्रोग्रॅम राहू दे, वारांचा क्रम बदला. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्या उठल्या वाकताना त्यांच्यावर आणि आजूबाजूच्या अस्थिबंधांवर ताण जास्त येतो. उठून हालचाल सुरू झाली की पहिल्या तासाभरात हे बरंचसं ओसरतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना सकाळी उठल्यावर वाकणं टाळायला सांगितलं होतं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

तुम्ही पाचला उठून साडेपाचला रॉडपाशी उभ्या राहत असाल तर तो तास मिळतच नाही. डेडलिफ्ट शनिवारी किंवा रविवारी उशिरा घ्या, आणि पहाटेच्या दिवसांना बेंच ठेवा. स्क्वॉट पहाटेच करावा लागला तर आधी दहा मिनिटं चाला आणि रिकाम्या रॉडने दोन-तीन सेट करा. बूट बांधायलाही वाकू नका, पाय बाकावर ठेवून बांधा. मांडीमागच्या स्नायूंसाठी वाकून पाय ताणायची सवय अनेकींना असते. ती सकाळी नको.

एक गोष्ट मात्र वेगळी. कळ कुल्ह्यातून गुडघ्याखाली उतरत असेल, पाऊल बधिर होत असेल किंवा टाचेवर चालताना पाय लुळा वाटत असेल, तर तो ताठरपणा नव्हे. आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, डेडलिफ्टचं नंतर बघू. बधिरपणा जांघेत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

मॅडमना हा प्रोग्रॅम चालत नाही असं आमचा ट्रेनर म्हणतो. मी नाशिकला बँकेत आहे, दोन वर्षं करतेय. बेंच ४० किलो. शीट दर आठवड्याला अडीच किलो वाढवायला सांगतं आणि मी दर तिसऱ्या आठवड्याला अडकते.

ट्रेनरचं म्हणणं चूक आहे, पण तुमची अडचण खरी आहे. ११० किलोच्या स्क्वॉटवर अडीच किलो म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडी वर वाढ. तुमच्या ४० वर ती सहा टक्क्यांच्या पुढे जाते. सवयीच्या हाताला आठवड्यात एवढं वाढवता येत नाही, पुरुष असो की बाई. त्यात आपल्याकडच्या कित्येक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावल्या की झाले पाच!

अर्धा किलो आणि सव्वा किलोच्या प्लेटांची एकेक जोडी विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. घेताना भोकाचा व्यास जिमच्या रॉडशी ताडून बघा, कारण जाड आणि बारीक अशा दोन प्रकारच्या रॉडच्या प्लेटा एकमेकांना बसत नाहीत. बेंचचा ट्रेनिंग मॅक्स एका किलोने वाढवा, तोही जड सेटला तीन रेप्स निघाल्या तरच. दोन निघाल्या तर आकडा तसाच ठेवून पुढच्या आठवड्यात तिसरी रेप काढायचा प्रयत्न करा.

रॉडही एकदा वजनकाट्यावर ठेवा. शीट तो २० किलोचा धरून चालतं, आणि आपल्याकडे दहा-बारा किलोचे रॉड सर्रास असतात. तुमचा बेंच प्रत्यक्षात ३२ चा निघाला तर टक्केवारीचे सगळे आकडे मुळापासून बदलतात.

आठवड्यात चार दिवस जोरदार व्यायाम केला तर दिवसभर बसण्याचे तोटे भरून निघतात ना?

थोडे निघतात, सगळे नाहीत. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण आलं होतं. रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटं मध्यम जोराची हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका दिसेनासा होत होता. यातला ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. शिवाय ती हालचाल चालणं, सायकल अशा प्रकारची होती. तुमच्या सव्वा तासाच्या जिममध्ये प्रत्यक्ष वजन हातात असतं ती मिनिटं मोजा, वीसही भरत नाहीत. उरलेल्या वेळात आपण बाकावर बसून फोन बघतो.

सर, या प्रोग्रॅमवर ‘भरपूर खा’ असं सगळीकडे लिहिलंय. दोन महिन्यांत चार किलो वाढलो, पण स्क्वॉट फक्त पाच किलोंनी वाढला आणि पँट होत नाहीत.

ते ‘भरपूर’ लिहिणारे बहुधा विशीतली पोरं असतात, दिवसभर कॉलेजात हुंदडणारी. बसून काम करणाऱ्याचा रोजचा खर्चच कमी असतो, त्यामुळे तोच आहार तुम्हाला पोटावर दिसतो. वजनवाढ महिन्याला एक किलोच्या आत ठेवा. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी बघा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास राहू दे, भात आणि तेल-तूप कमी करा. आधी संध्याकाळचा चहाबरोबरचा फरसाण बंद करून दोन आठवडे थांबा. पुष्कळदा जास्तीच्या कॅलरी तिथेच सापडतात.