‘फंडिंग आलं की देऊ’ म्हणजे नक्की कधी?

निम्मा पगार आत्ता, निम्मा फंडिंग आल्यावर, अशी एखाद्या स्टार्टअपची ऑफर असेल तर आधी साधा हिशोब कर. आठ महिने काम केलंस की तुझे चार महिन्यांचे पगार कंपनीकडे अडकले. म्हणजे तू नोकरदार कमी आणि बिनव्याजी, बिनतारण सावकार जास्त. मीही एकदा असाच अडकलो होतो. फंडिंग आलं, पण गुंतवणूकदार म्हणाले, आमचा पैसा पुढच्या कामासाठी आहे, जुनी देणी फेडायला नाही. उरलेला पगार देण्याचं कबूल केलेल्या ईमेलमध्ये तारीख नव्हती, त्यामुळे बोलायला तोंडच उरलं नाही.

म्हणून संस्थापकांना सरळ विचार: बँकेत पैसे किती आहेत आणि महिन्याला किती जातात? भागाकार केलास की किती महिने तग धरतील ते कळतं. उत्तर टाळलं, तर तेच उत्तर समज.

करारात ‘फंडिंग आल्यावर’च्या जोडीला ‘किंवा अमुक तारखेला, जे आधी होईल ते’ असं लिहून घे. मध्येच सोडलंस किंवा काढलं, तरी थकीत रक्कम मिळेल हेही. चाचणीचा काळ बिनपगारी असेल तर मी दोन आठवड्यांपुढे जाणार नाही. शेअर्सचं आमिष थकलेल्या पगाराच्या बदल्यात धरू नकोस, ते वेगळं बोलायचं.