तीस हजारांत किती दिवस? निवृत्तीनंतरच्या सल्ल्याचा दर

*ताई, नमस्कार. नाशिकच्या एका वाहन-सुट्या भागांच्या कंपनीतून एप्रिलमध्ये गुणवत्ता व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. ३४ वर्षं नोकरी, शेवटचं पॅकेज वर्षाला १८ लाख. आमचा एक जुना पुरवठादार सिन्नर एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणारं प्रेस शॉप चालवतो. तो म्हणतो, "काका, आठवड्यातून दोन दिवस या, महिना तीस हजार देतो, घरचंच समजा." बायको म्हणते, बसून राहण्यापेक्षा जा. मित्र म्हणतो, लाखाच्या खाली पाऊल ठेवू नकोस. मला मात्र तीस हजार ऐकून आतून लागलंय. योग्य किती, मागायचं कसं, आणि आणखी कामं कुठून मिळतील?*
*– एक वाचक, नाशिक*

नमस्कार,

तीस हजार आकडा लागतो, कारण मन तो लगेच दीड लाखाच्या पगाराशेजारी ठेवतं. पण दीड लाख महिनाभराच्या कामाचे होते आणि हे आठ दिवसांचे आहेत. म्हणून आधी दोन्ही आकडे एका दिवसावर आणा.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, दहाएक सणावाराच्या आणि महिनाभराची रजा वजा केली, तर कामाचे साधारण २७० दिवस उरतात. १८ लाखांना २७० ने भागलं की दिवसाला सुमारे ६,७०० रुपये येतात. कंपनीला तुमचा एक दिवस एवढ्याला पडत होता. आता आरोग्य विमा तुमच्या खिशातून जाणार, रजेचे पैसे मिळणार नाहीत, घरी बसून अहवाल लिहाल ते तास कुणी मोजणार नाही आणि दोन कामांच्या मधले महिने रिकामे जातील. यासाठी एक तृतीयांश वाढ धरा. दर दिवसाला ९,००० च्या आसपास येतो. ६,७०० ही तुमची तळरेषा, ९,००० हा मागायचा दर. मालकाच्या प्रस्तावात दिवसाला ३,७५० पडतात. शिवाय "घरचंच समजा" म्हणजे रोजचे फोन आणि "ग्राहकाचं ऑडिट आहे, जरा येऊन जा" हेही त्यातच आलं. आठाचे बारा दिवस व्हायला वेळ लागत नाही, आणि मग दर अडीच हजारांवर येतो.

पण तुमचा पगार हा हिशोबाचा अर्धाच भाग झाला. मालकाला त्या पगाराशी देणंघेणं नाही, त्याचं किती वाचतं एवढंच तो बघणार. तुमच्या मित्राचा सल्ला इथेच फसतो. समजा, या प्रेस शॉपची महिन्याची विक्री ८० लाख आहे आणि रिजेक्शन ४ टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांचा माल. भंगाराचे ८० हजार परत आले असं धरलं तर निव्वळ तोटा २ लाख ४० हजार. त्यावर ग्राहकाने लावलेल्या डेबिट नोटा आणि त्याच्या दारात माणसं पाठवून माल निवडून देण्याचा खर्च मिळून ६० हजार. असे महिन्याला ३ लाख जातात. तुम्ही हे निम्म्यावर आणलंत तर मालकाचे दीड लाख वाचतील. माझ्या मते अशा बचतीच्या एक तृतीयांशापर्यंतचं शुल्क छोट्या कारखान्याला पेलतं आणि टिकतंही. त्याहून वर गेलं की तिसऱ्या महिन्यात मालक तुमचे तास मोजायला लागतो. दीड लाखाचा तिसरा हिस्सा ५० हजार. लाख मागितलेत तर काम हातचं जाईल.

आता दोन्ही बाजू जुळवा. ९,००० दराने आठ दिवसांचे ७२ हजार होतात, आणि ते या कारखान्याला जड आहेत. पाच दिवसांचे ४५ हजार बसतात. म्हणून दर कमी करू नका, दिवस कमी करा. एकदा ४,००० ला आलात की पुढे त्याच माणसाकडून ९,००० मिळणं जवळपास अशक्य असतं, आणि एमआयडीसीत दर एका गेटवरून दुसऱ्या गेटवर लगेच पोचतो. दिवस मात्र काम वाढलं की आपोआप वाढतात. मालक तीस हजारांवरच अडला, तर त्या पैशांत महिन्याला तीन दिवस आणि ठरलेल्या वेळी आठवड्याला एक फोन द्या. तीन दिवसांत रिजेक्शन निम्म्यावर येणार नाही, एखाद-दुसऱ्या डायचा, म्हणजे साच्याचा, प्रश्न सुटेल. हेही त्याला आधीच स्पष्ट सांगा.

वरचे विक्रीचे आणि रिजेक्शनचे आकडे मी नमुन्याला धरलेत, खरे तुम्हाला तिथे जाऊन काढावे लागतील. त्यासाठी मासिक करार करण्याआधी दोन दिवसांची पाहणी सुचवा, आणि तीही १८ हजार शुल्क घेऊन. फुकट पाहणीत सगळं सांगून बसलात, तर पुढे विकायला काही उरत नाही. पहिल्या दिवशी केबिनमध्ये बसू नका. रिजेक्शनची नोंदवही हातात घेऊन थेट नापास मालाच्या लाल पेट्यांपाशी जा आणि आदल्या दोन पाळ्यांचे नग मोजून घ्या. वहीत ४० आणि पेटीत १३० निघाले, तर मालक सांगतो तो ४ टक्क्यांचा आकडाच खोटा आहे, आणि तुमचं पहिलं काम मोजणी सरळ करण्याचं. मग डायचं इतिहासकार्ड बघा. शेवटची धार कितव्या स्ट्रोकला लावली ते लिहिलेलं नसेल, तर कडेला बर, म्हणजे खरखरीत कंगोरा, येणाऱ्या नगांचं कारण बहुतेक तिथेच सापडेल. पहिल्या नगाच्या मंजुरीचे तक्ते एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात महिनाभराचे भरलेले दिसले, तर ते ऑडिटच्या आदल्या रात्री लिहिलेत हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दोन पानांचा अहवाल द्या: कुठे किती जातंय, पहिले तीन उपाय कोणते, किती दिवस लागतील. तुमचा दर त्या कागदाच्या तळाशी लिहिलेला असला की तोंडी घासाघीस फार होत नाही.

"काका" हे नातं राहू द्या, त्यात कमीपणा नाही. पण पैशाचं बोलणं झालं की त्याच दिवशी एक पानाचं पत्र पाठवा. त्यात महिन्याचे दिवस, दिवसाचे तास, जादा दिवसाचा दर, नाशिक–सिन्नर प्रवासखर्च वेगळा, फोनची वेळ, आणि बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे, एवढं असलं तरी पुरे. दोन गोष्टी मात्र विसरू नका. तुमच्या सूचना कुणी अमलात आणायच्या, त्या माणसाचं नाव पत्रात हवं. सल्लागाराचं सुपरवायझर ऐकत नाही, कारण त्याचा पगार तुमच्या हातात नसतो. मग तीन महिन्यांनी काही बदललं नाही की खापर तुमच्यावर फुटतं. दुसरी गोष्ट म्हणजे कारखाना व्यवस्थापक म्हणून सरकारदरबारी तुमचं नाव द्यायला साफ नकार द्या. अपघात झाला तर कायद्याने त्या नावाला जाब विचारला जातो, आणि महिन्याला पाच दिवस येणाऱ्याने ती जबाबदारी घेऊ नये.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते, ती सूक्ष्म उद्योग म्हणून करून घ्या आणि क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटूनही थकलेली रक्कम मालकाला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. त्याच्या हिशोबनिसाला हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे मार्चमध्ये तुमचं बिल आपोआप वर येतं.

कराची धास्ती घेऊ नका. महिना ४५ हजार म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, आणि सेवांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. व्यावसायिक शुल्कातून १० टक्के टीडीएस कापला तर हातात ४०,५०० येतील, ही कपात विवरणपत्रात वळती होते. अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ल्याला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, त्यात जमा शुल्काच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते आणि हिशोबाची वह्या-पुस्तकं ठेवण्याचा व्याप वाचतो. फक्त मालकाने तुम्हाला पगारपत्रकावर घेतलं तर ही सोय जाते, म्हणून "सल्लागार" हा शब्द पत्रात आणि बिलात दोन्हीकडे हवा.

आणखी कामांसाठी नोकरीच्या संकेतस्थळांवर बायोडेटा टाकून फारसं काही होत नाही, तिथे पूर्णवेळ तरुण माणूस शोधला जातो. तुम्ही ज्या पुरवठादारांची ऑडिटं केलीत, त्यांची यादी काढा. कोणाचा माल कशामुळे परत गेला हे तुमच्याइतकं कुणाला आठवणार नाही. दहा जणांना फोन करा, पण काम मागू नका. "तुमच्या वेल्डिंगच्या तक्रारी अजून येतात का?" एवढं विचारा. डाय बनवणारे आणि प्रेस मशीन विकणारे यांनाही कळवून ठेवा, कारण कारखान्यातली अडचण त्यांना सगळ्यात आधी कळते. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांना हजेरी लावा, तिथे सातपूर-अंबडचे मालक स्वतः भेटतात. आयएसओ ९००१ चं लीड ऑडिटर प्रशिक्षण पाच दिवसांचं असतं. ते केलंत तर प्रमाणन संस्थांकडे बाहेरचा ऑडिटर म्हणून नाव नोंदवता येईल. तिथला दर त्यांचा ठरलेला असतो आणि तुमच्या ९,००० हून कमी असू शकतो, पण रिकामे महिने भरून निघतात. मात्र ज्या कारखान्याला सल्ला देता त्याचंच ऑडिट तुम्हाला करता येणार नाही, म्हणून कामं घेतानाच दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा.

जुन्या कंपनीचा कागद एकदा नीट वाचा. निवृत्तीनंतर दुसरीकडे काम करू नये अशी अट असली, तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्यावरची अशी बंदी सहसा चालू देत नाही. गोपनीयतेची अट मात्र पूर्णपणे लागू राहते. जुन्या कंपनीची ड्रॉइंग्ज, दरपत्रकं, ग्राहकांच्या फायली पेन ड्राइव्हवर असतील तर सिन्नरला जाण्याआधी पुसून टाका. तुमचा हा मालक त्याच कंपनीला माल देतो. म्हणून तुम्ही त्याचं काम घेतलंय हे खरेदी विभागाला एका ओळीच्या ईमेलने आधीच कळवा, मागाहून कुणाकडून कळलं तर संशय तुमच्यावर आणि त्याच्या ऑर्डरीवर येईल.

पहिला करार तीन महिन्यांचाच करा. पाहणीच्या दिवशी लाल पेटीत मोजलेला आकडा पत्रात लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी त्याच पेट्या, तेवढ्याच पाळ्या, मालकासमोर पुन्हा मोजा. दिवस वाढवायचे की थांबायचं, याची बोलणी त्या दोन आकड्यांवर करा.